एका वाचकासाठी एक पान: टीसीएल पावडरच्या सूचनापत्रकाच्या कामाच्या नोंदी

६ मे

काम ठरलं. गावच्या टाकीत पाण्यातले जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकणाऱ्या माणसासाठी एका पानाचं सूचनापत्रक लिहायचं, पाऊस सुरू व्हायच्या आत. सध्या पंपघराच्या भिंतीवर जे पत्रक आहे ते दोन पानी आहे आणि त्यातलं मुख्य वाक्य साधारण असं: ‘पाणीपुरवठा करण्यापूर्वी जलसाठ्याचे योग्य त्या प्रमाणात टीसीएल पावडरद्वारे निर्जंतुकीकरण करण्यात यावे व अवशिष्ट क्लोरीनची खातरजमा करून नोंद घेण्यात यावी.’

यात चूक काहीच नाही. पण ‘करण्यात यावे’ म्हणजे कोणी करायचं? ‘योग्य ते प्रमाण’ म्हणजे किती? हे वाक्य कोणालाच उद्देशून नाही, म्हणून ते वाचून कोणाचाच हात हलत नाही.

आम्ही दोघांनी आज पहिला मसुदा केला. शब्द सोपे केले, वाक्यं तोडली, प्रमाण घातलं: १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर (क्लोरीन ३३ टक्के धरून). शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन राहिलं पाहिजे, हेही घातलं. वाचक म्हणून डोळ्यांसमोर ‘ग्रामीण पाणीपुरवठा कर्मचारी’ होता. ही पहिली चूक. ती कळायला तीन दिवस लागले.

९ मे

दहा गावांसाठी दहा प्रती छापून लॅमिनेट करून आणल्या, ६० रुपयांना एक. ६०० रुपये वाया गेले. प्रयोगाआधी छपाई करू नका.

पहिल्या गावात पाणी सोडणारे गृहस्थ साठीच्या जवळचे आहेत. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, इथेही तेच म्हणतो. त्यांनी पत्रक हातात घेतलं, खालीवर पाहिलं आणि म्हणाले, “समजलं.” आम्ही खूश झालो. ‘समजलं का?’ या प्रश्नाला मोठ्या माणसाकडून दुसरं उत्तर येतच नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग म्हटलं, “नाना, आजची पावडर आमच्यासमोर टाकता का?” त्यांनी पिशवीत हात घातला आणि तीन ओंजळी बादलीत टाकल्या. पत्रक खुंटीला टांगलेलं होतं. १००० लिटरला ५ ग्रॅम हे त्यांनी वाचलं होतं, पण टाकी किती लिटरची हे त्यांनी कधी लिटरमध्ये मोजलेलं नाही. त्यांच्या लेखी टाकी म्हणजे पंपाचे अडीच तास. आणि पंपघरात वजनाचा काटा नाही. म्हणजे आमच्या पत्रकातला सगळ्यात नेमका आकडा त्यांच्या सगळ्यात कमी कामाचा होता.

१२ मे

दहा गावांचा नाद सोडला. हे पान फक्त नानांसाठी लिहायचं, दुसऱ्या गावाचं तेव्हा पाहू.

एका पुठ्ठ्यावर त्यांच्याबद्दल जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं, अंदाज एकही नाही. टाकी उंच, ५०,००० लिटरची. भरायला अडीच तास. पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बाहेरून दिसते. काटा नाही, स्टीलचा मोठा ग्लास आहे. पंधरा लिटरची प्लास्टिकची बादली एक, पाच लिटरचे कॅन दोन. चष्मा घरी राहतो, कारण पंपघरात पहाटे अंधारात यायचं असतं. सातवीपर्यंत शाळा, पेपर रोज वाचतात. पाण्यातलं क्लोरीन रंगाने दाखवणाऱ्या ओटी औषधाची बाटली आहे, रंग जुळवायची पेटीही आहे. आणि नळावर भांडण झालं तर ते त्यांच्याशीच होतं.

लिहायला बसताना हा पुठ्ठा समोर उभा ठेवतो. कुठलंही वाक्य पुठ्ठ्यावरच्या कशालातरी टेकलं पाहिजे, नाहीतर ते काढायचं.

१३ मे

प्रमाणाचं काम आज पूर्ण केलं. ५०,००० लिटरला ५ ग्रॅमच्या हिशेबाने २५० ग्रॅम होतात. गावातल्या वाण्याकडे जाऊन एका पारदर्शक प्लास्टिकच्या मगात २५० ग्रॅम पावडर तोलली, मग हलकेच आपटून सपाट केली आणि तिथे काळ्या ऑइलपेंटची रेघ मारली. स्टीलचा ग्लास नको म्हटलं, कारण एक तर त्यातून पातळी दिसत नाही, दुसरं म्हणजे ही पावडर धातू खाते.

आता पानावरचं वाक्य: ‘पावडर मगाच्या काळ्या रेघेपर्यंत घ्या.’ ग्रॅम नाही, लिटर नाही, टक्के नाहीत. हिशेब आम्ही करून ठेवला आणि त्यांच्या हातात रेघ दिली.

याला मर्यादा आहे, तीही लिहून ठेवतो. पावडर दमट झाली की गोळे धरते, मग त्याच रेघेत वजन वेगळं भरतं. म्हणून नवी पिशवी उघडली की रेघ पुन्हा तपासायची. हे काम नानांचं नाही, म्हणून ते त्यांच्या पानावर नाही. ते ग्रामसेवकांना वेगळ्या चिठ्ठीवर दिलं.

१६ मे

आजचा दिवस पूर्ण वाया. पान ‘त्यांच्या भाषेत’ लिहायचं म्हणून बोलीतच लिहून काढलं होतं: ‘पावडर घ्याची, बादलीत कालवाची, वाईच थांबाचं.’ नानांनी दोन ओळी वाचल्या आणि पान उलटं ठेवलं. “आमी बोलतो आसं. पर लिवल्यालं आसं नसतंय.”

त्यांचं बरोबर आहे. ते रोज पेपर वाचतात, म्हणजे लिहिलेली मराठी त्यांच्या ओळखीची आहे आणि ती त्यांचीही आहे. कागदावर त्यांची बोली उतरवणं म्हणजे ‘तुम्हाला एवढंच झेपेल’ असं सांगण्यासारखं झालं. वाचक ठरवणं वेगळं आणि वाचकाची नक्कल करणं वेगळं. बोली लिहिली ती आम्ही ऐकलं हे दाखवायला, त्यात त्यांची सोय कुठेच नव्हती.

त्यांच्या तोंडून घ्यायचे होते ते शब्द, उच्चार नव्हेत. ‘द्रावण’ ते म्हणत नाहीत, ‘निवळ’ म्हणतात. पावडर कालवून ठेवली की वर येतं ते निवळ, खाली बसतो तो साका. हे दोन्ही शब्द चांगले मराठी आहेत, अचूक आहेत आणि ‘स्वच्छ द्रावण’ व ‘अविद्राव्य गाळ’ यांपेक्षा लहान आहेत. ‘निर्जंतुकीकरण’ला त्यांचा शब्द ‘पावडर टाकणं’. ‘अवशिष्ट क्लोरीन तपासणी’ला त्यांचा शब्द ‘ओटी बघणं’. चारही शब्द घेतले.

क्रियापदाचं रूप ठरवायला अर्धा तास गेला. ‘करावे’ फार लांबून बोलल्यासारखं. ‘करायचं’ तोंडी बोलताना जवळचं वाटतं, पण छापल्यावर मोठ्या माणसाला शाळेत बसवल्यासारखं दिसतं. ‘कर’ तर शक्यच नाही, ते आमच्याहून तीस वर्षांनी मोठे आहेत. शेवटी सरळ ‘करा’, ‘घ्या’, ‘ओता’. ‘कृपया’ सगळीकडून काढलं. रोजचं काम करणाऱ्या माणसाला पायरीपायरीला ‘कृपया’ म्हटलं की ती पाटी वाटते.

१८ मे

दोन ‘अर्धा तास’ एकमेकांत मिसळले. मसुद्यात होतं: पावडर कालवून अर्धा तास ठेवा. आणि पुढे: निवळ टाकीत ओतल्यावर किमान अर्धा तास थांबून पाणी सोडा. नानांनी दोन्ही मिळून एकच अर्धा तास केला. वाचणारा नेमका कुठे घसरला ते बघताना कळलं की दोन्ही ओळींत शब्द सारखे आणि काम घड्याळाला बांधलेलं. त्यांचं पहाटेचं काम घड्याळावर चालत नाही, पंपावर चालतं.

म्हणून वेळ पंपाला बांधली. ‘पंप चालू केला की लगेच पावडर कालवा. पट्टी अर्ध्यावर आली की निवळ ओता.’ अर्धी टाकी भरायला सव्वा तास लागतो, तेवढ्यात साका आपोआप बसतो. उरलेलं पाणी वरून पडत राहतं म्हणून निवळ मिसळतंही नीट. दुसरं थांबणं अर्ध्या तासावरून एक तास केलं: ‘पंप बंद केल्यावर एक तास पाणी सोडू नका.’ पानावर वेळेचा हा एकच आकडा उरला, त्यामुळे मिसळायला दुसरा नाही.

२० मे

सगळ्यात महागात पडणारी चूक आज सापडली. पानावर लिहिलं होतं: ‘शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी बघा.’ नानांनी रोज इमानाने ओटी पाहिली होती, आणि रोज चांगला पिवळा रंग आला होता. आज त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा ते टाकीपासून तीनच घरं लांब असलेल्या नळाशी थांबले. “हाच शेवटचा. हितलं पाणी सगळ्यात शेवटी सोडतो.”

आमच्या मनात ‘शेवटचा’ म्हणजे पाइपाच्या टोकाचा. त्यांच्या मनात पाळीतला शेवटचा. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत आणि शब्द सोपाही आहे, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत आला नाही. कठीण शब्दावर वाचणारा थांबतो, विचारतो. सोप्या शब्दाला दोन अर्थ असले की तो आपला अर्थ घेऊन पुढे जातो.

लगेच खरा टोकाचा नळ पाहिला, वडाच्या आळीतला. ओटीत रंग नाही. टाकीजवळ रंग आणि टोकाला नाही, म्हणजे वाटेत क्लोरीन संपतंय. बहुतेक वेळा याचा अर्थ पाइप कुठेतरी गळतोय आणि घाण आत ओढली जातेय. इथे आळीच्या तोंडाशी गटारातून गेलेला जोड फुटलेला निघाला. बदलायला दोन दिवस लागले. तोवर त्या आळीत घरोघर जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितलं.

वाक्य आता असं: ‘वडाच्या आळीतला हौदाजवळचा नळ. त्याच पाण्यात ओटी बघा.’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही गावात निरुपयोगी आहे, आणि म्हणूनच इथे चालतं.

२७ मे

आज पानाचा सूर बदलला.

नाना पावडर कमी टाकतात, हे मगातली पातळी पाहून कळलं. रेघेच्या बोटभर खाली. विचारलं तर म्हणाले, पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून बायका नळावर बोलतात, कोणी कोणी हंडा ओतून देतात. पत्रकात आम्ही जुन्या कागदावरून एक ओळ आणली होती: ‘हयगय झाल्यास संबंधितांस जबाबदार धरण्यात येईल.’ नानांच्या बाजूने पाहा. पावडर कमी टाकली तर कधीतरी वरून कोणीतरी जबाबदार धरणार. पूर्ण टाकली तर आज सकाळी सात वाजता ओळखीची माणसं भांडणार. कुठली भीती जवळची?

धमकीची ओळ काढली. तिच्या जागी त्यांना नळावर जे लागतं ते दिलं, म्हणजे लोकांना सांगायचं वाक्य: ‘वास आला तर सांगा: पाणी फडक्याने गाळून उघड्या भांड्यात तासभर ठेवा, वास जातो. वास येतो म्हणून पावडर कमी करू नका.’ आणि सरपंचांकडून हेच वाक्य नळकोंडाळ्यावर खडूने लिहून घेतलं, म्हणजे ते नानांचं एकट्याचं बोलणं राहिलं नाही.

पाच दिवसांनी पुन्हा पाहिलं. पावडर रेघेवर होती.

२ जून

तालुक्याहून येणारे साहेब पान पाहतील, म्हणून कोणीतरी सुचवलं की वर पिण्याच्या पाण्याचं मानक, ‘आयएस १०५०० नुसार’ आणि ‘०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर’ असं टाका. टाकून पाहिलं. दोन ओळी वाढल्या, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्यामागोमाग खालची वाक्यंही सरकारी व्हायला लागली. ‘ओता’चं ‘ओतावे’ झालं, ‘ओटी बघा’चं ‘तपासणी करा’. एका पानाला दोन वाचक झाले की लिहिणारा नकळत वरच्या वाचकाकडे तोंड करतो.

उपाय साधा निघाला. मानक, मात्रेचा हिशेब आणि रेघ कशी मारली ते एका वेगळ्या अर्ध्या कागदावर लिहून पानाच्या पाठीमागे चिकटवलं. साहेबांनी पान उलटावं.

७ जून

काय गाळलं आणि काय परत घेतलं, त्याची ही नोंद.

विहीर आणि हातपंपाचं प्रमाण गाळलं, नानांकडे दोन्ही नाहीत. कावीळ, गॅस्ट्रो, कॉलरा ही यादी गाळली, त्यांना ती पाठ आहे. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाइम, हे गाळलं. व्हॉल्व्हची पाळी गाळली, ती त्यांनीच आम्हाला शिकवली होती.

‘साका टाकीत ओतू नका’ हेही गाळलं होतं, कारण पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर तो बाहेर फेकला होता. काल कॅनच्या तळाला पांढरा थर दिसला. आम्ही नसताना ते बादली विसळून तेही पाणी ओतत होते. पावडर विकतची, वाया कशाला घालवायची, हा त्यांचा विचार. ओळ परत घेतली, आणि या वेळी कारणासकट: ‘औषध निवळीत उतरलेलं असतं. साक्यात चुनाच उरतो, तो टाकीच्या तळाला बसतो.’

यावरून आम्ही दोन नियम धरले. गाळायचं ते आपण समोर नसताना दोनदा नीट झालेलं पाहिलं असेल तरच. आणि कारण फक्त तिथे लिहायचं जिथे हात घाई करतो किंवा काटकसर करतो. मगाच्या रेघेला कारण लागत नाही, साक्याला लागतं.

आणखी एक गोष्ट त्यांनीच घालायला लावली. मूळ मसुद्यात होतं ‘बादली टाकीवर न्या’. भरलेली बादली घेऊन लोखंडी शिडी कोण चढणार? निवळ दोन कॅनमध्ये भरून, बूच लावून, दोरीने वर ओढायची. हे ते आधीपासून करतात. आमच्या वाक्यामुळे त्यांना वाटलं की आता बादली न्यावी लागणार. कागदावरच्या एका बेफिकीर शब्दाने चांगली सवय मोडली असती.

१४ जून

अंतिम मजकूर. अक्षरं २४ पॉइंटची, चष्म्याशिवाय हातभरावरून वाचून घेतली. पहिल्या मसुद्यात १२ पॉइंट होती.

> पंप चालू केला की लगेच पावडर कालवा.
> नाक-तोंड फडक्याने बांधा. मगाच्या काळ्या रेघेपर्यंत पावडर प्लास्टिकच्या बादलीत घ्या. थोडं पाणी घालून गोळे मोडा, मग बादली पाऊण भरा आणि ढवळा.
> पट्टी अर्ध्यावर आली की वरची निवळ कॅनमध्ये घ्या, दोरीने वर ओढा, टाकीत ओता.
> साका ओतू नका. औषध निवळीत उतरलेलं असतं. साक्यात चुनाच उरतो, तो टाकीच्या तळाला बसतो.
> पंप बंद केल्यावर एक तास पाणी सोडू नका.
> वडाच्या आळीतला हौदाजवळचा नळ. त्याच पाण्यात ओटी बघा. रंग लगेच पेटीवरच्या रंगाशी लावून बघा. ते पाणी फेकून द्या, पिऊ नका.
> रंग आला नाही तर टाकीजवळच्या नळाला बघा. दोन्हीकडे नाही: पावडर उतरलेली आहे. फक्त आळीत नाही: पाइप फुटलाय. दोन्ही वेळा ग्रामसेवकांना तेव्हाच फोन करा आणि लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा.
> वास आला तर सांगा: पाणी फडक्याने गाळून उघड्या भांड्यात तासभर ठेवा, वास जातो. वास येतो म्हणून पावडर कमी करू नका.

‘पावडर उतरलेली’ हा शब्दही नानांचा. उघडी, दमट जागी राहिलेली पावडर क्लोरीन सोडते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरायची नसते. ते मोजणं प्रयोगशाळेचं काम, म्हणून पानावर टक्के नाहीत, फोन आहे.

खर्च: फुकट गेलेले ६००, प्लास्टिकचा मग आणि रंग ११०, नवी प्रत ६०. वेळ: साडेपाच आठवडे, त्यातलं प्रत्यक्ष लिहिणं चार दिवसांचं असेल.

२३ जून

नाना लग्नाला गेले आणि तीन दिवस पुतण्याने पाणी सोडलं. पान भिंतीवर होतं. पावडर, निवळ, ओटी सगळं बरोबर. पण व्हॉल्व्हची पाळी त्याला ठाऊक नव्हती आणि पानावर ती नाही, त्यामुळे वरच्या आळीला दोन दिवस पाणी चढलं नाही.

पानात पाळी घालावी, असं लगेच सुचलं. घालून पाहिली: बारा ओळी झाल्या आणि नानांना हवी ती ओटीची ओळ पानाच्या तळाला गेली. काढून टाकली. पुतण्यासाठी दुसरं पान करतोय. तो मोबाइलवर वाचतो, त्याला ‘निवळ’ माहीत नाही, आणि व्हॉल्व्ह तो रंगाने ओळखतो. म्हणून आधी पाचही व्हॉल्व्हना वेगवेगळा रंग मारायचा, मग लिहायला बसायचं. रंग उद्या आणतोय.